पुळीत केस कुठे आहे?

दाढीच्या जागी, हनुवटीखाली किंवा मांडीवर लाल पुळी उठते. तिच्या टोकाशी पांढरा पू दिसतो. घरातले कुणीतरी केसतूड झालंय म्हणून सांगते, औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते, दोन-चार दिवस लावली जाते आणि पुळी बसली की विषय संपतो. काही जणांचा तो खरोखरच संपतो. पण काहींना पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा पुळ्या उठतात, डाग पडत जातात, कातडी खडबडीत होते आणि ट्यूब बदलत राहतात. आजचे व्याख्यान या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी आहे. त्यांचे दुखणे हट्टी नसते. बहुतेक वेळा त्यांच्यावर दुसऱ्याच दुखण्याचा उपचार चाललेला असतो.

वरून सारखी दिसणारी ही पुळी तीन कारणांनी उठू शकते. केस ज्या बारीक नळीतून कातडीबाहेर येतो, त्या रोमकूपाच्या तोंडाशी जंतू वाढले तर ती फॉलिक्युलायटिस. केसच वळून परत कातडीत घुसला तर तो रुतलेला केस, म्हणजे इनग्रोन हेअर. दाढीच्या भागात असे बरेच केस रुतले की त्या उंचवट्यांना रेझर बम्प्स म्हणतात. आणि जंतूंनी कूपाची भिंत ओलांडून खोलवर, कातडीखालच्या चरबीपर्यंत पू केला तर ते गळू. पहिल्यावर जंतुनाशक लागू पडते. दुसऱ्यावर काही आठवडे वस्तरा बाजूला ठेवावा लागतो. तिसऱ्याला अनेकदा चीर देऊन पू बाहेर काढावा लागतो.

उदाहरण म्हणून एक तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्वचारोगाच्या ओपीडीत असे तरुण नेहमी दिसतात, हा त्यांचा नमुना समजावा. वय २४, हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी, रोज गुळगुळीत दाढी हवी हा तिथला नियम. केस दाट आणि कुरळे. रोज तासभर मोटरसायकल, अंगात घट्ट जीन्स. आंघोळीनंतर हातापायांना खोबरेल तेल चोळायची लहानपणापासूनची सवय. त्याला जबड्याखाली, मानेवर बारीक पुळ्या आहेत आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूलाही आहेत. त्याच्या मते अंगभर एकच रोग पसरला आहे. प्रत्यक्षात त्याला दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी मान पाहू. जबड्याच्या कडेखाली आणि गळ्यावर केस कातडीतून सरळ उभे बाहेर येत नाहीत, ते आडवे निघतात. त्यांची दिशाही जागोजागी बदलते. असा केस मुळात कुरळा असेल आणि त्याला कातडीच्या अगदी लगत कापले, तर कापलेले टोक तिरके आणि अणकुचीदार बनते, बोरूच्या टोकासारखे. केस वाढू लागतो तशी त्याची जन्मजात वळण घेण्याची सवय जागी होते. टोक कूपाबाहेर येते, कमान करून खाली वळते आणि एक-दोन मिलिमीटरवर पुन्हा कातडीत शिरते. केस शरीराचाच, पण कातडीच्या आत त्याची जागा फक्त कूपात असते. तो कूपाबाहेर आतल्या थरात पोचला की शरीर त्याला काट्यासारखा परका समजते. भोवती पेशी गोळा होतात, सूज येते, पू होतो. त्या पुवाचे कारण तो केस असतो. काही वेळा नंतर जंतूही तिथे वस्ती करतात, पण ते पाहुणे म्हणून येतात.

दुसरा मार्ग याहून लपलेला असतो. दाढी करताना गालाची कातडी बोटांनी ताणली, किंवा वस्तरा उलट्या दिशेने फिरवला, तर केस थोडा वर ओढला जाऊन कापला जातो. कातडी सैल सोडली की टोक कूपाच्या आत मागे सरकते. आता ते वाढेल तेव्हा तोंडातून बाहेर येण्याऐवजी कूपाची बाजूची भिंतच फोडते. १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचा रेझर बाजारात आणला. पहिल्या पात्याने केस ओढायचा आणि तो मागे सरकण्याआधी दुसऱ्याने अजून खालून कापायचा, हे त्याचे तत्त्व. हात फिरवून पाहिल्यावर गाल इतका गुळगुळीत लागतो तो त्यामुळेच, आणि कुरळ्या केसांच्या माणसाला नेमका तोच गुळगुळीतपणा नडतो.

जॉन स्ट्राउस आणि अल्बर्ट क्लिगमन या दोन अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९५६ मध्ये दाढीच्या या विकाराचे नीट वर्णन केले. त्यांनी वापरलेले स्यूडोफॉलिक्युलायटिस हे नाव आजही चालते, म्हणजे फॉलिक्युलायटिससारखा दिसणारा, पण तो नसलेला विकार. अमेरिकेत हा प्रश्न फक्त कातडीचा राहिला नाही. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचे केस घट्ट कुरळे असतात, त्यामुळे सक्तीच्या रोजच्या दाढीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांना होतो. लष्करात हा वाद अनेक वर्षे चालला. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात पिझ्झा घरपोच देणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला दाढी ठेवली म्हणून कामावरून काढले गेले. खटला वरपर्यंत गेला. कृष्णवर्णीय पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना हा त्रास होतो आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो इतका असतो की दाढी करणेच शक्य नसते, असा वैद्यकीय पुरावा न्यायालयापुढे आला. गोऱ्या पुरुषांत तो क्वचितच दिसतो. केंद्रीय अपील न्यायालयाने १९९३ मध्ये अशा माणसांसाठी नियमाला अपवाद हवा, असे ठरवले. आपल्याकडे विमान कंपन्या, हॉटेले, सुरक्षारक्षकांच्या एजन्सी रोजच्या दाढीचा आग्रह धरतात, तेव्हा कुरळ्या केसांच्या मुलाच्या मानेकडे कुणी पाहत नाही. त्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि ती मानलीही जावी. यात लाड कसला?

आता या तरुणाच्या मानेवर भिंग धरावे. एखाद्या पुळीवर उजेड तिरका पाडला की कातडीच्या पातळ पापुद्र्याखाली काळी बारीक रेघ दिसते, कधी अर्धवर्तुळ, कधी दोन्ही टोके आत गेलेली कमान. तो रुतलेला केस. आणखी एक खूण म्हणजे पुळीचा मध्य आणि केस बाहेर येण्याची जागा एकच नसते. केस एकीकडून निघतो आणि पुळी शेजारी उठते. तिसरी खूण दिवसांची असते. दाढीनंतर एक-दोन दिवसांत पुळ्या वाढतात, आणि आजारपणात वा लांबच्या सुटीत दाढी राहिली की आपोआप कमी होतात. चौथी खूण जागेची. डोक्यावर किंवा छातीवर, जिथे वस्तरा लागत नाही, तिथे असे काही नसते.

उपचाराची पहिली पायरी सोपी वाटते आणि तीच सगळ्यात अवघड जाते: चार आठवडे दाढी करायची नाही. पहिल्या आठवड्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, कारण आधी कापलेले केस अजून आत घुसत असतात. इथेच बहुतेक जण धीर सोडून पुन्हा वस्तरा उचलतात. दाढीचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेवढी लांबी झाली की रुतलेली कमान ताणली जाते आणि केस स्वतःच उसळून बाहेर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ही सुटका दिसू लागते. काही कमानी अडूनच राहिल्या तर स्पिरिटने पुसलेल्या सुईच्या टोकाने कमान फक्त उचलून मोकळी करावी. केस उपटायचा नाही. उपटला तर नवा केस कूपात खोलवरून, पुन्हा टोकदार होऊन येतो आणि बाहेर पडण्याआधीच भिंत फोडतो. भुवया कोरायच्या चिमट्याने मानेवरचे केस काढत बसणारी माणसे या चक्रातून बाहेर पडत नाहीत ती यामुळे.

चार आठवड्यांनंतरही शक्य असेल तर ट्रिमर वापरून एक मिलिमीटर खुंट ठेवावेत. खुंट तेवढे राहिले की टोक कातडीच्या वरच असते, आत घुसायला त्याला वाव मिळत नाही. दाढी गुळगुळीतच हवी असेल तर आधी कोमट पाण्याने दाढीचे केस पाच मिनिटे भिजवावेत, साबणाचा भरपूर फेस करावा, एका पात्याचा रेझर घ्यावा, कातडी ताणू नये आणि केस ज्या दिशेला जातात त्याच दिशेने तो एकदाच फिरवावा. सलूनमध्ये सुलटा हात झाला की कारागीर सवयीने उलटा हात मारतो. त्याला खुर्चीत बसतानाच सांगावे, नंतर सांगायला वेळ मिळत नाही. पाते नवे आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे. त्याचे कारण वेगळे आहे, हेपेटायटिस बी आणि सी रक्ताच्या थेंबातून पसरतात. वरून रात्री लावायला त्वचारोगतज्ज्ञ बहुधा रेटिनॉइड मलम देतात. त्याने कूपाच्या तोंडाशी साचणारी मृत कातडी पातळ होते. ज्यांना एवढे करूनही गुण येत नाही, त्यांच्यासाठी लेझरने केस कमी करणे हा खरा उपाय आहे. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असतो, कारण तो वरच्या थरातल्या रंगात कमी शोषला जातो आणि खोलवर केसाच्या मुळाशी पोचतो. कमी तरंगलांबीचे यंत्र वापरले तर सावळ्या कातडीवर भाजल्याचे डाग पडू शकतात, म्हणून यंत्र कोणते हे विचारायला संकोच करू नये.

हा सगळा प्रकार पुरुषांपुरता नाही. मांडीच्या आतल्या बाजूला आणि जांघेत वॅक्सिंग किंवा रेझर वापरणाऱ्या स्त्रियांमध्येही केस असेच रुततात. वॅक्सिंगने केस मुळातून निघतो, पण ओढताना कित्येकदा तो मध्येच तुटतो आणि उरलेला तुकडा आतल्या आत वळतो.

आता तरुणाच्या मांड्या. इथल्या पुळ्या निराळ्या आहेत. प्रत्येक पुळी टाचणीच्या डोक्याएवढी, तिच्या मधोमध एक सरळ उभा केस, भोवती लाल कडे आणि वर पुवाचा पातळ फुगा. केस पुळीला बरोबर मध्यावर भेदून बाहेर आलेला असेल, तर पू कूपाच्या तोंडाशी आहे असे समजावे. हीच फॉलिक्युलायटिस. बहुतेक वेळा तिथे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० मध्ये गळवांच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली झुपक्यांनी बसलेले हे गोल जंतू पाहिले. ते त्यांनी कोंबडीच्या अंड्यांत वाढवले आणि दोन वर्षांनी त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले.

या जंतूला मांडीवर आत शिरायला वाट कोण करून देते? घट्ट जीन्स दिवसभर घासते, मोटरसायकलच्या सीटवर घाम साचतो, आणि तेल कूपाचे तोंड बुजवते. आपल्याकडे तरुणांच्या पायांवर, विशेषतः नडग्यांवर आणि मांड्यांवर, वर्षानुवर्षे चिवटपणे चालणारी फॉलिक्युलायटिस त्वचारोगतज्ज्ञ पाहतात. ती दोन्ही पायांवर सारखीच पसरते, आणि पुढे त्या जागेचे केस गळून कातडी पातळ, चकचकीत होते. अशा रुग्णाला पायांना तेल चोळायची सवय आहे का, हा प्रश्न तज्ज्ञ आवर्जून विचारतात. खोबरेल तेलाविरुद्ध काही म्हणायचे नाही. केसाळ पायांवर पू असताना मात्र ते बंद ठेवावे.

या तरुणाने तेल थांबवले, सैल सुती पँट घातली, आणि दिवसातून एकदा बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या वॉशने मांड्या धुऊन दोन मिनिटांनी पाणी घेतले, तर साध्या प्रकारात दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. या वॉशने टॉवेल आणि गादीच्या चादरींचा रंग उडतो, म्हणून पांढरा पंचा वापरावा. पुळ्या मोजक्या असतील तर डॉक्टर वरून लावायला म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड देतात. पुळ्या पसरल्या असतील तर पोटातून प्रतिजैविक द्यावे लागते, आणि ते देण्याआधी एका पुळीतला पू तपासायला पाठवलेला चांगला. आता बऱ्याच स्टॅफ जंतूंवर नेहमीची औषधे चालत नाहीत.

दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासायचे. मांडीवर लालसर, खवले असलेली कड बाहेर सरकत असेल, खाज फार असेल, मध्येमध्ये पुळ्या असतील, तर ते गजकर्ण, म्हणजे बुरशी असण्याची शक्यता मोठी. दाढीतही बुरशी होते. गोठ्यात गाई-म्हशींची कामे करणाऱ्याच्या गालावर सुजलेला, पूभरला चट्टा आला, आणि त्यातले केस चिमट्याने हलकेच ओढल्यावर न दुखता हातात आले, तर तिकडे बोट दाखवावे. जनावराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर शंका आणखी पक्की होते. खरवडलेले कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे तंतू दिसतात.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवे. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टिरॉइड असे तिन्ही एकत्र असते. ती लावली की खाज आणि लाली दोन दिवसांत बसते. स्टिरॉइडने सूज दाबली जाते. बुरशी मात्र आत राहते, कूपात खोल उतरते, चट्ट्याची कड अस्पष्ट होते आणि डॉक्टरलाही निदान करणे कठीण जाते. रुतलेल्या केसांवर हीच ट्यूब महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, आणि स्टिरॉइडमुळे उठलेल्या नव्या पुळ्या जुन्यांत मिसळतात. या ट्यूबा दुकानात साबणासारख्या विकल्या जाणे थांबलेच पाहिजे.

आपला तरुण समजा हे काहीच न करता मांडीवरच्या एका पुळीला नखाने पिळत राहिला. पू थोडा बाहेर आला, थोडा आत ढकलला गेला. दोन दिवसांनी तिथे सुपारीएवढी घट्ट, गरम गाठ आली. चालताना ती ठणकते, रात्री झोप मोडते. फॉलिक्युलायटिस खाजते किंवा हुळहुळते, रुतलेला केस टोचतो, गळू ठणकते. हा फरक रुग्ण स्वतः सांगू शकतो, आणि तो जवळपास नेहमी बरोबर असतो. काही दिवसांत गाठ मऊ पडते, वर पिवळे तोंड येते, आणि फुटले की आतला घट्ट पू बाहेर येतो. बाजूबाजूची अनेक गळवे खालून जोडली गेली, वर चाळणीसारखी तोंडे उघडली आणि ताप आला की त्याला कार्बंकल म्हणतात. ते बहुधा मानेच्या मागे किंवा पाठीवर होते.

लहान गळवाला गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे द्यावा. पिकले की डॉक्टरकडे जाऊन चीर देऊन घ्यावी. साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही, त्यामुळे नुसत्या गोळ्यांवर मोठे गळू बसवण्याची वाट पाहणे चुकीचे. गोळ्या लागतात त्या ताप असेल, भोवतीची लाली पसरत असेल, मधुमेह असेल किंवा गळू चेहऱ्यावर असेल तेव्हा. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातले गळू कधीही दाबू नये. तिथल्या शिरांचा डोळ्यामागच्या पोकळीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या कप्प्याशी संबंध आहे. आजाराने ती वाट क्वचितच धरली, तरी धरल्यावर जीव धोक्यात येतो. डोळा सुजणे, थंडी वाजून ताप, प्रचंड डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एकच गळू येऊन गेले तर त्याचा शोध घेत बसायची गरज नाही. वर्षभरात तिसरे-चौथे आले तर घ्यायला हवा. पहिली चाचणी रक्तातल्या साखरेची. पंचेचाळिशीनंतर वारंवार गळवे येणाऱ्या कितीतरी माणसांना मधुमेह आहे हे गळवामुळेच कळते. दुसरी तपासणी नाकाची. निरोगी माणसांतही दर चार-पाच जणांत एकाच्या नाकपुडीत हा स्टॅफ कायम मुक्कामाला असतो. नाक कोरल्यावर तो बोटावर येतो आणि बोटावरून मांडीपर्यंत जातो. अशा वेळी डॉक्टर पाच दिवस दोन्ही नाकपुड्यांत म्युपिरोसिन लावायला सांगतात. त्याच काळात टॉवेल, अंतर्वस्त्रे, उशांच्या खोळी गरम पाण्यात धुवाव्या लागतात. घरात आणखी कुणाला पुळ्या असतील तर त्यांचाही उपचार एकदमच करावा लागतो, नाहीतर तोच जंतू परत येतो.

आणि गळवे पुन्हा पुन्हा काखेत, जांघेत, मांड्यांच्या आतल्या घडीत किंवा स्तनांखालीच येत असतील, तर गोष्ट निराळी असू शकते. काखेत आली तर घरी त्यांना काखमांजरी म्हणतात. एक फुटले की शेजारी दुसरे येते, खाली बोगदे तयार होतात, एकाच जागी जोडीने काळी टोपणे दिसतात आणि व्रण दोरीसारखे ताठ होतात. हा हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा नावाचा दीर्घ आजार. त्याची सुरुवात बुजलेल्या रोमकूपापासून होते, अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही आणि तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. जागतिक अभ्यासांत त्याचे निदान व्हायला सरासरी सात वर्षे लागलेली दिसतात. तेवढ्या काळात रुग्ण, बहुतेकदा विशीतल्या मुली, दर गळवाला वेगळ्या दवाखान्यात चीर घेत फिरतात आणि आधीच्या चिरांबद्दल लाजेने बोलत नाहीत. म्हणून काखेत किंवा जांघेत सहा महिन्यांत दुसरे गळू आले, तर नव्या डॉक्टरला आधीची सगळी सांगावीत: कुठे आले, किती दिवस राहिले, फुटले की कापले. तेवढ्या माहितीवर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ पहिल्याच भेटीत बरोबर निदान करू शकतो.